क्रेपचे कापड पहिल्या धुण्यात का आटते?

म्हैसूर क्रेपची रेशमी साडी हाताला किंचित दाणेदार लागते. हा दाणा छापलेला नसतो, तो धाग्याच्या पिळातून उमटतो आणि पहिल्या धुण्यात कापड आटते तेही याच पिळामुळे. म्हैसूर येथे 1912 मध्ये सुरू झालेला रेशीम विणकाम कारखाना आज कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळ चालवते. तेथील क्रेपमागचे तत्त्व जगभरातील क्रेपला लागू आहे.

नेहमीच्या रेशमी क्रेपमध्ये उभ्या धाग्याला पीळ जवळजवळ नसतो. आडव्या धाग्याला मात्र दर मीटरला दोन हजारांहून अधिक पीळ दिले जातात. एवढा पीळ धाग्यात स्वस्थ राहत नाही. मोकळे सोडताच धागा स्वतःभोवती गुंडाळतो. म्हणून त्याला वाफ देऊन तात्पुरते शांत करतात. दोन धागे उजव्या पिळाचे, पुढचे दोन डाव्या पिळाचे, असे आलटून पालटून विणतात. सगळे धागे एकाच दिशेने पिळले, तर कापडावर दाण्यांऐवजी लांबट सुरकुत्या पडतात.

मागावरून उतरलेले कोरे कापड सपाट आणि काहीसे ताठ असते. साबणाच्या गरम पाण्यात रेशमावरचा नैसर्गिक डिंक, म्हणजे सेरिसिन, निघून गेला की कोंडलेला पीळ जागा होतो. त्याच वेळी पाण्याने तंतू फुगतात. जाड झालेल्या धाग्याभोवती तेवढेच वेढे घ्यायला तंतूंची अधिक लांबी लागते. तंतू तर लांब होत नाहीत, त्यामुळे धागाच आखूड होतो. रुंदी घटते आणि पृष्ठभागावर दाणे उठतात. समजा ही घट वीस टक्के असेल, तर 112 सेंटिमीटर रुंदीच्या कापडासाठी मागावर 140 सेंटिमीटर रुंदी धरावी लागेल.

ही घट कारखान्यातच पूर्ण झाली, तर ग्राहकाला फारसा त्रास नाही. अडचण होते ती आटलेले कापड पुन्हा ताणून रुंद केले आणि तसेच विकले तेव्हा. विशेषतः व्हिस्कोस क्रेपमध्ये हे जाणवते, कारण हा तंतू पाण्यात फार फुगतो. शिवलेला ब्लाउज पहिल्याच धुण्यात तंग होतो. अस्तर कमी आटले, तर वरचे कापड शिवणीवर चुण्या घेते. उष्णतेने स्थिर केलेल्या पॉलिएस्टर क्रेपमध्ये ही घट नगण्य असते.

शिवण्यापूर्वीची तपासणी सोपी आहे. धुण्यायोग्य कापडाच्या तुकड्यावर दोन्ही दिशांना 25 सेंटिमीटरच्या खुणा करून तो नेहमीप्रमाणे धुवावा आणि न ताणता सपाट वाळवावा. अंतर 23 सेंटिमीटर भरले, तर कापड आठ टक्के आटले. मग संपूर्ण कापड तसेच धुऊन घेऊन नंतरच बेतावे. इस्त्रीने ओढून रुंदी परत मिळते खरी, पण दाणे दबतात आणि पुढच्या धुण्यात कापड पुन्हा आटते. जरीच्या रेशमी साडीवर मात्र हा प्रयोग करू नये. तिला ड्रायक्लीनिंगच बरे.