मुंबईची मीटिंग, फ्रँकफर्टमार्गे

नाशिकमध्ये घरून काम करणाऱ्या एका अभियंत्याचं उदाहरण घ्या. व्हीपीएन बंद असताना मीटिंग सुरळीत चालते. ते सुरू केलं, की समोरच्याचा आवाज तुटतो आणि चेहरा गोठतो. शिव्या मात्र वायफायला पडतात.

खरं कारण रस्त्यात असतं. व्हीपीएन लॅपटॉपची सगळी वाहतूक एका कूटबद्ध बोगद्यातून कंपनीच्या गेटवेकडे नेतं. तो गेटवे फ्रँकफर्टला असेल, तर मुंबईतल्या मीटिंग सर्व्हरकडे निघालेला आवाज आधी जर्मनीला जातो आणि मग परत येतो. नेहमी काही मिलिसेकंदांत होणाऱ्या फेरीला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात.

एवढ्यावर भागत नाही. मीटिंगचा आवाज सहसा यूडीपीने जातो. त्यात हरवलेलं पाकीट सोडून पुढे जायचं असतं. पाव सेकंद जुना शब्द कोणाला हवा? पण काही व्हीपीएन टीसीपीवर चालतात. तिथे एक पाकीट हरवलं, की ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी ताटकळतात.

स्प्लिट टनेलिंगमध्ये मीटिंगची वाहतूक बोगद्याबाहेरून थेट जाते, कंपनीच्या फायली आतूनच. टीम्ससाठी आयटी विभाग ठरावीक पत्ते आणि यूडीपीचे ३४७८ ते ३४८१ हे पोर्ट वगळतो. आवाज-चित्र तसंही कूटबद्ध असतं. मात्र ही वाहतूक कंपनीच्या तपासणीतून जात नाही, म्हणून काही कंपन्या नकार देतात.

व्हीपीएन बंद करूनही मीटिंग अडखळत असेल, तर दोष खरोखर वायफायचा असू शकतो.