एकाच जागचे दुखणे: आज पाठवायचे की थांबायचे?

आशा कार्यकर्तीकडे येणाऱ्या तक्रारींत अंगाच्या एखाद्याच जागी दुखणे ही रोजची तक्रार असते. कुणाची कंबर धरलेली असते, कुणाची पोटरी ठणकते, कुणाच्या मुलाचा गुडघा सुजलेला असतो, कुणाच्या ओटीपोटात कळ येत असते. यांतली बहुतेक दुखणी थोड्या दिवसांत आपोआप ओसरतात. मोजकी काही मात्र अशी असतात की त्याच दिवशी रुग्णालय गाठले नाही तर पाय लुळा पडतो, सांधा कायमचा निकामी होतो किंवा जीव जातो.

हा फरक कळेच्या जोरावरून ओळखता येत नाही. मूतखड्याची कळ माणसाला गडबडा लोळवते आणि त्याला आराम मिळावा म्हणून पाठवावेच लागते, पण ती सहसा जिवावर बेतत नाही. उलट कमरेतल्या मज्जातंतूंवर घातक दाब आलेल्या माणसाची कंबर कधीकधी कालच्यापेक्षा कमीच दुखत असते. म्हणून धोक्याच्या खुणांच्या यादीत ‘किती दुखते?’ हा प्रश्न पहिला येत नाही. त्याऐवजी पुढचे पाच प्रश्न विचारायचे.

१. दुखणाऱ्या भागाचे नेहमीचे काम थांबले आहे का? पाय टेकत नाही, सांधा हलवू देत नाही, लघवी होत नाही, बधिरपणा आला आहे.
२. सूज, गरमपणा किंवा रंगातला बदल एकाच बाजूला आहे का?
३. ताप, दरदरून घाम, चक्कर, धाप किंवा ग्लानी सोबत आहे का?
४. दुखणे अचानक, काही मिनिटांत किंवा तासांत सुरू झाले का?
५. दुखणाऱ्या व्यक्तीला आधीच जोखीम आहे का? बाळंतीण, पाळी चुकलेली स्त्री, लहान मूल, मधुमेही, कर्करोगाचा किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल तर तेवढ्यावरच त्याच दिवशी पाठवावे. उरलेल्या चारांपैकी कोणत्याही दोहोंना ‘होय’ मिळाले तरी निर्णय तोच. छातीत दुखण्यासाठी मात्र ही यादी वापरायची नाही. मोठ्या माणसाच्या छातीत दडपण, घाम किंवा डाव्या हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल तर प्रश्नोत्तरांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर फोन करावा.

कंबर

पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याखाली मज्जातंतूंचा झुबका असतो आणि त्यातूनच मूत्राशय, गुदद्वार व मांड्यांच्या आतल्या बाजूच्या संवेदना चालतात. दोन मणक्यांमधली गादी मोठ्या प्रमाणात मागे सरकली की हा झुबका दाबला जातो. मूत्राशय भरल्याची जाणीवच बंद होते, त्यामुळे रुग्ण आपणहून तक्रार करत नाही. उलट लघवी थेंब थेंब गळत असल्यामुळे ‘लघवी होते’ असेच तो सांगतो.

यासाठी प्रश्न नेमका असावा लागतो. शेवटची लघवी कधी झाली? धार नेहमीसारखी सुरू होते का? शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श जाणवतो का? दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा आहे का? यांतले एकही उत्तर बिघडलेले असेल तर रुग्णाला एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी पोहोचवावे लागते. उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेने कंबरदुखी थांबली तरी लघवीवरचा ताबा परत येईलच असे नाही.

कंबरदुखीसोबत संध्याकाळचा ताप आणि घटणारे वजन असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका येते. पाय चांगले चालत असतील तर ही तपासणी त्याच आठवड्यात झाली तरी चालते. पायांतली ताकद कमी होऊ लागली की तीही त्याच दिवसाची बाब ठरते.

मुलाचा सांधा

मोठ्या माणसाचे दोन्ही गुडघे वर्षानुवर्षे दुखत असतील तर ती झीज असते. लहान मुलाचा एकच सांधा एक-दोन दिवसांत दुखू लागला आणि ताप आला तर सांध्यात पू झाला आहे असेच धरून चालावे. पुवातले जंतू आणि शरीराने त्यांच्याशी लढताना सोडलेली रसायने सांध्यातली कूर्चा काही दिवसांतच खाऊन टाकतात, आणि एकदा गेलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही.

घरी पाहण्याजोग्या खुणा दोन आहेत. मूल त्या पायावर उभे राहत नाही आणि ताप १०१ अंश फॅरेनहाइटच्या पुढे आहे. खुब्याचा सांधा खोल असल्यामुळे त्याची सूज बाहेरून दिसत नाही. शिवाय खुब्याचे दुखणे मूल अनेकदा गुडघ्यात दाखवते. म्हणून गुडघा चांगला दिसत असेल तर खुबाही हळूच हलवून पाहावा. तान्हे बाळ बोलत नाही. एक पाय न हलवणे आणि लंगोट बदलताना किंचाळणे हीच त्याची तक्रार असते, आणि इतक्या लहान वयात ताप नसला तरी थांबू नये. मूल पडले होते असे घरचे सांगतात तेव्हा फसगत होण्याची शक्यता मोठी असते, कारण खेळणारे मूल रोजच कुठेतरी पडते.

ओटीपोट आणि वृषण

पाळी येणाऱ्या वयातल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल तर पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला असेल तर पाळी चुकल्यावर काही आठवड्यांत नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. सुरुवातीला दुखणे किरकोळ असते आणि डागापुरतेच रक्त जाते, त्यामुळे पाळीच आली असा समज होतो. आशाकडे असलेले ‘निश्चय’ किट येथे कामी येते. चाचणी होकारार्थी आणि एका बाजूला दुखते, एवढे सोनोग्राफीसाठी त्याच दिवशी पाठवायला पुरे आहे. चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला दुखू लागले तर आत रक्त साचत असल्याची ती खूण असते. अशा वेळी किटची वाट न पाहता १०८ बोलवावी. नसबंदी झाली आहे म्हणून ही शक्यता सोडून देऊ नये. नसबंदीनंतर गर्भ क्वचितच राहतो, पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याचा संभव अधिक असतो.

वयात येणारा मुलगा ‘पोटात दुखते’ म्हणतो तेव्हा खरे दुखणे वृषणात असू शकते; लाजेपोटी तो सांगत नाही. वृषणाला पीळ पडला तर रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर ते वाचण्याची आशा सर्वांत जास्त असते. अचानक कळ, मळमळ आणि एका बाजूची सूज असेल तर संध्याकाळपर्यंतही थांबता येत नाही.

पोटदुखीचे आणखी एक कारण ग्रामीण महाराष्ट्रात विसरून चालत नाही. मण्यार रात्री झोपेत चावते तेव्हा चावा फारसा दुखत नाही आणि खूणही दिसेलच असे नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटातल्या कळेने आणि उलटीने जागा होतो. त्याच्या पापण्या जड होऊन खाली येत असतील किंवा गिळताना त्रास होत असेल तर सर्पदंश धरूनच लस असलेले जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

पोटरी: एक उदाहरण

पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली की एकच पोटरी दुखते आणि सुजते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर अचानक मृत्यू येऊ शकतो. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे यासाठी विशेष जोखमीचे असतात आणि सिझेरियनने जोखीम आणखी वाढते.

समजा, आशा चौदाव्या दिवसाच्या गृहभेटीला गेली आहे. सिझेरियन झालेली बाळंतीण सांगते की दोन दिवसांपासून डावी पोटरी दुखते. सासूच्या मते अंथरुणावर पडून राहिल्याने पाय आखडला आहे आणि मालिशवाली बाई रोज तेल लावून पोटरी रगडते आहे. बाळंतीण लंगडत का होईना चालते, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. ताप ९९ अंश, धाप नाही, म्हणून तिसऱ्यालाही ‘नाही’. दुखणे हळूहळू वाढले, म्हणून चौथ्यालाही ‘नाही’.

आता टेप घ्यायची. गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा लागतो त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. उजवा ३३ आणि डावा ३७ भरतो. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक ही धोक्याची खूण असल्याने दुसऱ्या प्रश्नाला ‘होय’ आणि बाळंतीण असल्याने पाचव्यालाही ‘होय’. निर्णय झाला: आजच. मालिश ताबडतोब बंद, कारण रगडल्याने गुठळी सुटू शकते. पाठवायचे ते डॉपलर सोनोग्राफी असलेल्या रुग्णालयात, बाळासह. गुठळी निघाली तरी तिच्यावरचे हेपॅरिन अंगावर पाजताना चालते, त्यामुळे दूध तोडण्याची भीती घरच्यांना घालू नये. वाटेत धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर १०८.

या मोजणीला मर्यादा आहे. ज्यांना पाठवले जाईल त्यांतल्या अनेकींना गुठळी निघणार नाही. घेर सारखा भरला म्हणून गुठळी नाहीच असेही ठरत नाही. सिझेरियननंतर एकाच पोटरीत सतत दुखत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून विचारावे.

पाठवताना आणि थांबताना

चिठ्ठीत दुखणे सुरू झाल्याची वेळ, कोणत्या प्रश्नांना ‘होय’ मिळाले, तापाचा आकडा आणि दिलेले औषध लिहावे. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून घ्यावा, नाहीतर रुग्णालयात पोहोचेपर्यंत ताप उतरतो आणि महत्त्वाची खूण पुसली जाते. ओटीपोट, वृषण आणि सांध्याच्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून त्यांना वाटेत खाऊ-पिऊ घालू नये. तान्ह्या बाळाला अंगावरचे दूध मात्र द्यावे. निघण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला तर सोनोग्राफी किंवा सर्जन नसलेल्या ठिकाणचा फेरा वाचतो.

यादीत न बसणाऱ्या दुखण्यासाठी घरच्यांना त्या जागेची एक-दोन खूण नेमकी सांगून ठेवावी. ‘काही वाटले तर कळवा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘लघवी अडली किंवा पाय जड झाले तर रात्रीसुद्धा फोन करा’ असे सांगावे. दोन दिवसांनी पुन्हा जाऊन तेच पाच प्रश्न विचारावेत, कारण पहिल्या भेटीतले ‘नाही’ दुसऱ्या भेटीपर्यंत ‘होय’ होऊ शकते.