शाळेतून आलं की डोकं दुखतं

चौथीतली मुलगी दुपारी शाळेतून येते ती पांढरीफटक. कपाळ दुखतंय म्हणते, उलटी करते, पडदे ओढून झोपते आणि दोन तासांनी उठून खेळायला जाते. घरच्यांना हे नाटक वाटतं. पण ही मायग्रेनची अगदी नेहमीची तऱ्हा आहे. मोठ्यांचं बहुधा अर्धं डोकं दुखतं, तेही तासन्‌तास. मुलांचं पुष्कळदा दोन्ही बाजूंना, कपाळावर दुखतं, लवकर थांबतं आणि पोटाच्या तक्रारीच पुढे येतात. उजेड सहन होत नाही हे मूल सांगत नाही, पडदे ओढतं.

आईने महिनाभर वहीत झोप, खाणं आणि दुखण्याची वेळ लिहिली. बहुतेक वेळा सकाळी फक्त दूध झालेलं, बाटलीतलं पाणी तसंच परत आलेलं. पोहे खाऊन जाणं आणि ठरलेल्या वेळी झोपणं, एवढ्यानेच दुखणं बरंच कमी झालं. वेदनाशामक द्यायचं तर डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेल्या मात्रेत, दुखणं सुरू होताच द्यावं. वारंवार दिल्यास त्यानेच डोकं दुखू लागतं. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

दुखण्याने पहाटे जाग येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा दुखणं वाढतच असेल, तर वहीत नोंदी करत थांबू नका; लगेच डॉक्टरांना दाखवा.