माठ पावसाळ्यात का रुसतो?



विज्ञान दिन जवळ आला की वर्गात एकच वाक्य फिरतं: "विषय भारी पाहिजे, घरातला प्रश्न कसला प्रोजेक्ट?" म्हणूनच मागच्या वर्षी तीन टेबलांवर तीन ज्वालामुखी! खायचा सोडा आणि व्हिनेगरने फेस येतो, मान्य. पण खऱ्या ज्वालामुखीत वितळलेला खडक असतो आणि त्यात कोंडलेले वायू. सोडा नाही, व्हिनेगर नाही. मग प्रोजेक्ट नेमका कशाचा होता?

माझा प्रश्न स्वयंपाकघरातलाच. उन्हाळ्यात गारेगार पाणी देणारा माठ जुलैत का रुसतो? आजी म्हणाली, "अरे, माती मुळातच थंड." ते खरं असेल तर बारा महिने गार हवं ना?

दोन सारखे छोटे माठ आणले. एकाला बाहेरून ऑइलपेंट मारून वाळवला. मग दोन्हींत रात्रभर पाणी भरून ठेवलं. सकाळी ते ओतून ३० अंशांचं दोन-दोन लिटर पाणी भरलं आणि माठ सावलीत ठेवले. पहिला दिवस वाया गेला, कारण मी थर्मामीटर बाहेर काढून वाचत होतो आणि तेवढ्यात पारा हलायचा. दुसऱ्या दिवशी बल्ब पाण्यातच ठेवून वाचला. पाच तासांनी साधा माठ २३ अंशांवर, रंगवलेला जागच्या जागी. माती दोन्हींची तीच, फरक पाझरण्याचा.

किराणा मोजायच्या काट्यावर साधा माठ ९० ग्रॅमने हलका भरला. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. त्या हिशेबाने दोन लिटर पाणी सात अंशांनी उतरायला २४ ग्रॅम पुरतात. उरलेले? बाहेरची गरम हवा माठाला सारखी तापवत असते, तिच्याशी झगडण्यात गेले. मग साध्या माठावर मोठी प्लास्टिकची पिशवी घातली. आत हवा दमट झाली आणि पारा २९ च्या खाली येईना. हाच आमचा जुलै!

वर्गात असंही म्हणतात, "उत्तर चुकलं तर प्रोजेक्ट बाद"? माझा पहिला दिवस वहीत तसाच लिहिलेला आहे.

आणि "विज्ञान दिन म्हणजे रामन यांचा वाढदिवस"? तो ७ नोव्हेंबरला. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. आणि त्याची सुरुवात कुठून? १९२१ मध्ये बोटीवरून परतताना समुद्र निळा का, या प्रश्नापासून. समुद्राचा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं तेव्हा मानलं जाई. रामन यांनी निकोल प्रिझममधून ते प्रतिबिंब दाबून पाहिलं, तर समुद्र निळाच! विश्वास नसेल तर त्याच वर्षीच्या 'नेचर'मधलं त्यांचं पत्र शोधा.

आजी आता म्हणते, तीन उन्हाळे वापरलेला माठ कमी गार करतो. क्षारांनी छिद्रं बुजत असतील? रविवारी जुना आणि नवा माठ काट्यावर ठेवतोय. कुणाला यायचं असेल तर थर्मामीटर घेऊन या, माझा फुटलाय.