धरणाच्या पायथ्याचं वर्तुळ

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पेपरात दोन प्रश्न वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रकरणांतून येतात. एकात धरणाचा काटछेद देतात आणि पायाच्या दोन टोकांचे स्ट्रेस काढायला सांगतात. दुसऱ्यात एका चौकोनी तुकड्यावरचे स्ट्रेस देतात आणि मोहरचं वर्तुळ काढून प्रिन्सिपल स्ट्रेस शोधायला लावतात. पहिल्याचं उत्तर आल्यावर मुलं खाली दोन रेघा मारतात. खरं तर दुसरा प्रश्न तिथूनच सुरू होतो, पण हे वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

जव्हार-मोखाड्याकडच्या मुलांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ वैतरणेवर मध्य वैतरणा धरण उभं आहे. मुंबई महापालिकेचं हे काँक्रीटचं धरण सुमारे १०२ मीटर उंच आहे. असं धरण स्वतःच्या वजनावर पाणी अडवतं. वजन खाली दाबतं, पाणी आडवं ढकलतं, आणि पायातल्या प्रत्येक कणाला दोन्ही एकदम सोसावं लागतं. एकत्रित भार म्हणतात तो हाच.

गणितासाठी सोपा काटछेद घेऊ. तो मध्य वैतरणेचा नकाशा नव्हे, कागदावरचा त्रिकोण आहे. उंची १०० मीटर, पाण्याची बाजू उभी, कोरडी बाजू एक मीटर उंचीला ०.८ मीटर अशी तिरपी, म्हणजे पाया ८० मीटर. पाणी काठोकाठ. काँक्रीटचं वजन घनमीटरला २४ किलोन्यूटन, पाण्याचं १० धरू. धरणाच्या एक मीटर लांबीचं वजन ९६,००० किलोन्यूटन भरतं आणि पाण्याचा आडवा रेटा ५०,००० किलोन्यूटन. या रेट्यामुळे दोन्हींचं एकत्रित बल पायाच्या मध्यापासून कोरड्या बाजूकडे सुमारे ४.०३ मीटर सरकतं. सरासरी स्ट्रेस चौरस मीटरला १२०० किलोन्यूटन, बेंडिंगचा ३६२.५. बेरीज केली की कोरड्या टोकाला, म्हणजे टोला, १५६२.५ मिळतात, वजाबाकी केली की पाण्याच्या टोकाला, म्हणजे हीलला, ८३७.५. दोन्ही दाबच, ओढ कुठेच नाही. इथे पेपरातला पहिला प्रश्न संपतो.

पण १५६२.५ हा आकडा फक्त आडव्या पातळीवरचा उभा स्ट्रेस आहे. टोजवळचा सर्वांत मोठा स्ट्रेस तो नाही.

टोच्या टोकाशी काँक्रीटचा एक इवलासा त्रिकोणी तुकडा कापला असं समजा. त्याची उभी बाजू १, आडवा तळ ०.८ आणि तिसरी बाजू म्हणजे धरणाचा तिरपा पृष्ठभाग. या तिरप्या बाजूवर बाहेरून काहीच नाही, फक्त हवा. तुकडा एवढा लहान की त्याचं वजन सोडून देता येतं. तळावरचा उभा दाब तुकड्याला वर ढकलतो. त्याला खाली धरून ठेवणारं उभ्या बाजूवरच्या शिअरखेरीज दुसरं कोणी नाही. म्हणून शिअर झाला १५६२.५ गुणिले ०.८, म्हणजे १२५०. पूरक शिअरच्या नियमाने तळावरही तेवढाच. आता आडवी बलं पाहा. तळावरचा शिअर आणि उभ्या बाजूवरचा आडवा दाब यांचा तोल साधायचा तर हा दाब १२५० गुणिले ०.८, म्हणजे १००० यायला हवा.

हा शिअर खरा आहे का, हे ताडून पाहता येतं. हीलला पाण्याची बाजू उभी आहे आणि पाणी त्या बाजूला घासत नाही, फक्त काटकोनात दाबतं. म्हणून तिथे शिअर शून्य. तिथून टोपर्यंत तो सरळ रेषेत १२५० पर्यंत वाढला असं धरलं, तर एकूण शिअर येतो ८० गुणिले १२५० भागिले २, म्हणजे ५०,०००. पाण्याचा रेटा बरोबर एवढाच होता. असा मेळ बसला की गणितावरचा विश्वास वाढतो.

आता वर्तुळ. आडव्या अक्षावर काटकोनातला स्ट्रेस मांडायचा आणि उभ्या अक्षावर शिअर. दोन्ही अक्षांचं प्रमाण एकच हवं, नाहीतर वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं आणि कोन चुकतात. आडव्या पातळीचा बिंदू १५६२.५ वर, शिअर १२५० वरच्या बाजूला. उभ्या पातळीचा बिंदू १००० वर, शिअर तेवढाच पण खालच्या बाजूला. दोन्ही बिंदू अक्षाच्या एकाच बाजूला काढणं ही उत्तरपत्रिकेत हमखास दिसणारी चूक. बिंदू जोडणारी रेघ आडव्या अक्षाला १२८१.२५ वर छेदते. तो केंद्र. त्रिज्या मोजली तर तीही १२८१.२५ भरते. म्हणजे वर्तुळ शून्यातून निघतं आणि २५६२.५ पर्यंत जातं.

शून्यातून जाणं इथे योगायोग नाही. तिरप्या पृष्ठभागावर ना दाब आहे ना शिअर, म्हणून ती स्वतःच एक प्रिन्सिपल पातळी आहे आणि तिच्यावरचा प्रिन्सिपल स्ट्रेस शून्य. कोरड्या टोसाठी काढलेलं वर्तुळ शून्याच्या अलीकडे थांबलं किंवा पलीकडे गेलं, तर गणितात कुठेतरी घसरलंय हे तिथेच कळतं. कोनाचंही तसंच. आडव्या पातळीच्या बिंदूपासून मोठ्या प्रिन्सिपल स्ट्रेसपर्यंत वर्तुळावर ७७.३ अंश मोजले जातात. वर्तुळावरचा कोन प्रत्यक्षातल्या दुप्पट असतो, म्हणून निम्मे केले की ३८.७ अंश. कोरडी बाजू उभ्या रेषेशी एवढाच कोन करते. मोठा दाब त्या पृष्ठभागाला समांतर, उतारावरून खाली वाहतो. निम्मे करायला विसरलेल्या मुलाचा दाब मात्र धरणाबाहेर हवेत निघून जातो.

सगळा मुद्दा इथे आहे. पेपरातलं उत्तर १५६२.५; खरा दाब २५६२.५, म्हणजे ६४ टक्के जास्त. ६४ टक्के म्हणजे ०.८ चा वर्ग. कोरडी बाजू जितकी सपाट पसरलेली, तितका हा फरक मोठा.

हे ज्याच्या फार लवकर ध्यानात आलं तो विल्यम रँकिन, आणि निमित्त मुंबईचं पाणीच होतं. मुंबई नगरपालिकेचे कार्यकारी अभियंता टुलक यांनी दगडी धरणांबद्दल त्याचं मत मागवलं होतं. १८७२ च्या आपल्या अहवालात त्याने उभ्या दाबाच्या दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या. पाण्याच्या बाजूला १६० फूट उंच बांधकामाच्या वजनाएवढा दाब चालेल, कोरड्या बाजूला १२५ फूटच. कारण हेच: कोरड्या बाजूला खरा दाब तिरपा असतो आणि उभा आकडा तो कमी करून दाखवतो. ओटो मोहरचं वर्तुळ यायला तेव्हा दहा वर्षं होती.

काँक्रीटच्या दृष्टीने २५६२.५ हा आकडा भीतीदायक नाही. तो जेमतेम अडीच मेगापास्कल होतो, आणि साधं काँक्रीटही याच्या कितीतरी पट दाब सोसतं. काळजी दोन वेगळ्या जागी असते. टोखालच्या खडकात मातीचा थर किंवा भेग असेल तर तिथला १२५० चा शिअर महत्त्वाचा ठरतो, कारण तो सरासरीच्या दुप्पट आहे. दुसरी जागा हील. वरच्या गणितात पायाखाली झिरपलेलं पाणी धरलंच नव्हतं. ते हीलला पूर्ण १०० मीटरच्या दाबाने वर उचलतं आणि टोकडे शून्यावर येतं, असं धरलं तर टोचे १५६२.५ जसेच्या तसे राहतात, पण हीलचे ८३७.५ जाऊन १६२.५ ची ओढ उरते. काँक्रीट आणि खडकाच्या सांध्याला ओढ सोसत नाही. तिथे भेग पडते, भेगेत पाणी शिरतं आणि उचल आणखी वाढते. म्हणून अशा धरणांच्या पोटात, पाण्याच्या बाजूजवळ, बोगद्यासारखी गॅलरी ठेवतात आणि तिच्यातून खाली खडकात निचऱ्याची भोकं पाडतात. गॅलरीत झिरपून येणारं पाणी नियमाने मोजलं जातं. पाणी अचानक वाढलं तर भेग पडल्याची शंका येते. एकाएकी घटलं तर भोकं बुजली का हे आधी तपासावं लागतं, कारण मग उचलीचा दाब पुन्हा चढू लागतो.