भाडेकराराचा एका पानाचा सारांश

घर भाड्याने देताना किंवा घेताना बोलणी चार गोष्टींची होते: भाडे किती, डिपॉझिट किती, लॉक-इन किती महिन्यांचे आणि सोडायचे झाल्यास नोटीस किती दिवसांची. एजंटच्या तोंडून ही चार उत्तरे अर्ध्या मिनिटात मिळतात. पण लिव्ह अँड लायसन्सचा करार हातात येतो तेव्हा तो दहा-बारा पानांचा असतो आणि ही चार उत्तरे वीस-पंचवीस कलमांमध्ये विखुरलेली असतात. त्यांना एका पानावर आणायचे, तर नुसते आकडे उतरवून चालत नाही. आकडा एका कलमात असतो, त्याची अट दुसऱ्यात आणि अपवाद तिसऱ्यातच कुठेतरी.

पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा एक नमुना करार घेऊ. कलमे अशा करारांमध्ये नेहमी दिसतात तशीच आहेत. मुदत 24 महिन्यांची, 1 जून 2025 ते 31 मे 2027. चौथ्या कलमात परवाना शुल्क, म्हणजे व्यवहारात ज्याला भाडे म्हणतात ते, महिना 24,000 रुपये आणि दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत देय. सहाव्या कलमात एक लाख रुपये बिनव्याजी डिपॉझिट. सोळाव्यात सहा महिन्यांचे लॉक-इन, बाविसाव्यात एक महिन्याची नोटीस. घाईत वाचणारा इथे थांबतो आणि सारांश झाला असे समजतो.

आता बाकीची कलमे वाचू. पाचवे कलम सांगते की बारा महिन्यांनंतर भाडे पाच टक्क्यांनी वाढेल, म्हणजे दुसऱ्या वर्षी 25,200 रुपये. नवव्या कलमानुसार सोसायटीचा देखभाल खर्च मालकाकडे, वीज आणि गॅस भाडेकरूकडे. हे दोन्ही मुद्दे सारांशात भाड्याशेजारीच हवेत, कारण दरमहा खिशातून किती जाणार हे त्यांच्यावर ठरते.

डिपॉझिटचे कलम गोड वाटते: जागा रिकामी करून चावी दिल्यावर रक्कम परत. पण एकोणिसाव्या कलमात जागा सोडताना रंगकामाचे 12,000 रुपये डिपॉझिटमधून वळते करण्याची तरतूद आहे. थकलेली बिले आणि मोडतोड यांचा हिशेब त्याशिवाय. म्हणजे काहीही बिघडलेले नसले तरी लाखातले 88,000 रुपयेच परत मिळणार. ‘डिपॉझिट : एक लाख, परतावा योग्य’ अशी ओळ लिहिली, तर ती खोटी नाही, पण फसवी नक्कीच आहे. शेवटच्या महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापून घेता येणार नाही, असेही बहुतेक करारांत कुठेतरी लिहिलेले असते. तेही याच ओळीत यावे.

सगळ्यात जास्त भांडणे होतात ती लॉक-इन आणि नोटीस यांच्या सांध्यावर. सोळावे कलम म्हणते की पहिल्या सहा महिन्यांत भाडेकरूने घर सोडले, तर उरलेल्या लॉक-इनचे भाडे द्यावे लागेल. बावीसावे कलम म्हणते की लॉक-इन संपल्यानंतर कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी नोटीस देता येईल. दोन्ही एकत्र वाचली की अर्थ बदलतो. लॉक-इन 30 नोव्हेंबर 2025 ला संपते. त्याआधी नोटीसच देता येत नसल्याने ती लवकरात लवकर 1 डिसेंबरला जाणार आणि घर 31 डिसेंबरला सुटणार. भाडेकरूच्या डोक्यात सहा महिन्यांचे 1,44,000 रुपये असतात, प्रत्यक्षात सात महिन्यांचे 1,68,000 होतात. बाविसाव्या कलमात ‘लॉक-इन संपताना लागू होईल अशी नोटीस’ असे शब्द असते, तर नोटीस ऑक्टोबरअखेर देता आली असती आणि ते 24,000 रुपये वाचले असते. म्हणून सारांशात महिने न लिहिता तारखा लिहाव्यात. ‘सहा महिने’ वाचताना प्रत्येकजण आपल्या सोयीचा अर्थ काढतो, ‘31 डिसेंबर 2025’ या तारखेला दुसरा अर्थ नसतो.

याच जोडीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. सोळाव्या कलमात फक्त भाडेकरूचा उल्लेख असल्याने लॉक-इन एकतर्फी वाटते. पण बाविसाव्यात ‘कोणत्याही पक्षाला’ असे म्हटल्यामुळे मालकालाही त्या काळात साधी नोटीस देऊन घर रिकामे करायला सांगता येत नाही. अपवाद चोविसाव्या कलमात आहे: सलग दोन महिने भाडे थकले तर पंधरा दिवसांची नोटीस. लॉक-इनच्या काळातही तो लागू होतो का, हे करार स्पष्ट करत नाही.

अशा जागी सारांश करणाऱ्याचा खरा कस लागतो. करार जिथे गप्प आहे तिथे ‘साधारण पद्धत अशी असते’ म्हणून रिकामी जागा भरायची नाही. ‘करारात नमूद नाही’ असे लिहायचे आणि दोन्ही पक्षांना विचारायचे. एका कलमात एक महिना आणि दुसऱ्यात दोन महिने नोटीस असेल, तर दोन्ही लिहायचे. जुन्या मसुद्यातून कलमे उचलताना असे हमखास घडते. प्रत्येक ओळीपुढे कलमाचा क्रमांक असला की तपासणे सोपे जाते.

वरच्या कराराचा सारांश मग असा होतो:

भाडे: 31 मे 2026 पर्यंत महिना 24,000 रुपये, पुढे 25,200; पाच तारखेपर्यंत देय. देखभाल खर्च मालकाचा, वीज-गॅस भाडेकरूचे (कलमे 4, 5, 9).

डिपॉझिट: 1,00,000 रुपये, बिनव्याजी. चावी देताना परत. रंगकामाचे 12,000, थकबाकी व नुकसान वजा (कलमे 6, 19).

लॉक-इन: 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत. आधी घर सोडल्यास त्या तारखेपर्यंतचे भाडे देय. त्याशिवाय नोटिशीचा महिनाही धरायचा का, हे करारात नमूद नाही (कलम 16).

नोटीस: 1 डिसेंबर 2025 पासून दोघांनाही, लेखी, एक महिना. दोन महिने भाडे थकल्यास पंधरा दिवस. लॉक-इनमध्ये लागू का, नमूद नाही (कलमे 22, 24).

शिवाय मुदत संपण्याची तारीख ठळक लिहावी. 31 मे 2027 नंतर नोटिशीचा प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपूनही राहत्या घराचा ताबा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

या पानाला स्वतःचे कायदेशीर वजन नाही. वाद झाला तर नोंदणी केलेला करारच पाहिला जातो, आणि तसे एक वाक्य सारांशाखाली असावे. त्याच कायद्याचे कलम 55 सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत असावा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

नोंदणीनंतर चूक सापडली तर दुरुस्तीचा वेगळा दस्त करावा लागतो. म्हणून मसुदा हातात आला की त्याच दिवशी हे एक पान तयार करा, ‘नमूद नाही’ असलेल्या जागा मालक आणि भाडेकरू दोघांनी बसून भरून घ्या, आणि त्या शब्दांनी मूळ कलमे सुधारल्यानंतरच अंगठ्याचा ठसा द्या.