दारू सोड म्हणू नका, आग्रह सोड म्हणा

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो त्यांच्यासाठी जवळजवळ जसाच्या तसा इथे उतरवून देतोय. विषय एका वाक्याचा आहे, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे: "चाल ना बे, एकच घे."

आपण एक पोरगा धरू. कळंबचा, वय 22, पोलीस भरतीची तयारी करणारा. पहाटे पाचला मैदानावर जातो, कारण शारीरिक चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण एकट्या 1600 मीटर धावण्याला आहेत. त्याचे चार दोस्त आहेत, शाळेपासूनचे. दर शनिवारी यवतमाळ रोडवरच्या धाब्यावर बसायचं ठरलेलं. बारा-साडेबाराला परत. याला प्यायची नसते आणि एवढा उशीरही नको असतो. पण दोस्तही तोडायचे नसतात, कारण अडीनडीला हेच चौघं धावून येतात. मग करायचं काय?

बहुतेक जण आधी कारणं शोधतात. आपलं कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव, तर पहिलं कारण चतुर्थीचं. "आज चतुर्थी आहे, मी घेत नाई." छान चालतं, पण संकष्टी आणि विनायकी धरून महिन्यातून दोनदाच. मग श्रावण येतो, तो महिनाभर वाचवतो. पण पोळा झाला की श्रावण संपला, आणि कर आली. त्या दिवशी मटण शिजतं आणि दोस्त दारात उभे: "आता काय कारण आहे तुयं?"

कारणात हीच अडचण आहे. कारण सांगितलं की समोरच्याला वाटतं, हे कारण दूर केलं की हा येईल. पोटात दुखतंय म्हटलं की कुणी गोळी आणून देतं. घरचे रागावतात म्हटलं की "आम्ही बोलतो ना काकूशी!" पोरींच्या ग्रुपमध्ये तर हे नेहमीचं. "आई पाठवणार नाही" म्हणालं की मैत्रीण खरंच फोन लावते, आई बिचारी "जा बाई, पण लवकर ये" म्हणून मोकळी होते, आणि आपण अडकतो. दोस्त वाईट नसतात. आपणच त्यांना सोडवायला एक गणित दिलेलं असतं.

दुसरा रस्ता भाषणाचा. लिव्हर, पैसा, आईबापाचे कष्ट. किंवा कायदा: महाराष्ट्रात बिअर-वाईनसाठी 21 आणि बाकी दारूसाठी 25 वय पूर्ण लागतं. यातलं सगळं खरं आहे. पण हे बोललात की विषय तुमच्या नकाराचा राहत नाही, त्यांच्या वागण्याचा होतो. मग ते स्वतःला वाचवायला बोलणार. "मोठा साधू झाला!" हे वाक्य तिथूनच येतं. आणि नुसत्या बंदीनं आग्रह संपत नाही, हे आपल्याला शेजारीच दिसतं. कळंबहून वर्ध्याकडे निघालं की देवळीच्या बाजूनं वर्धा जिल्हा लागतो. तिथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. म्हणून तिथल्या पोरांना कुणी "घे ना" म्हणत नाही, असं आहे का? तिकडच्यांना विचारून पाहा.

तर मुद्दा असा. तुमची मागणी दारूबद्दल नाहीच. तुमची मागणी आग्रहाबद्दल आहे. त्यांनी प्यावी की नाही हा त्यांचा प्रश्न. तुम्ही "नाई" म्हटल्यावर पाचव्यांदा विचारू नये, एवढंच तुम्हाला पाहिजे. मागणी एवढी लहान केली की ती मान्य करायला समोरच्याला स्वतःबद्दल काहीच कबूल करावं लागत नाही. म्हणून ती मान्य होऊ शकते.

आता ही मागणी कुठे करायची? धाब्यावर नाही, बाटली उघडल्यावर तर नाहीच. व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही, कारण तिथे चौघं एकमेकांसमोर असतात, आणि पहिला हसणारा स्टिकर पडला की बाकीचे तिघं त्याच्याच मागे जातात. मागणी एकाकडे करायची, दिवसा, चहा पिताना.

एकाकडेच का? 1951 च्या सुमारास सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत एक प्रयोग केला. कार्डावरच्या रेषांपैकी कोणती दिलेल्या रेषेएवढी लांब आहे, एवढंच ओळखायचं. पण खोलीतले बाकी सगळे आधीच ठरवून चुकीचं उत्तर देणारे. उत्तर डोळ्यांसमोर असूनही बरेच जण गटासारखं चुकीचं बोलले. मात्र त्या गटातल्या एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर गटामागे जाणं खूपच कमी झालं. म्हणजे चौघांना पटवायची गरज नाही. टेबलावर एक जण तुमच्या बाजूनं असला तरी पुष्कळ फरक पडतो.

तो एक कोण? ज्याचं तुमच्याशी सगळ्यात जास्त जमतं तोच असेल असं नाही. ज्याचं बाकीचे ऐकतात तो. बहुतेक वेळा आग्रहाची सुरुवातही तोच करतो. आपला पोरगा त्याला मंदिराकडच्या चहाच्या टपरीवर गाठतो आणि बोलतो:

"भाऊ, एक गोष्ट बोलाची होती. शनिवारी तुम्ही घेता, त्याचं मले काईच नाई. तुमच्यासंगं बसाले मले आवडते. पण मी नाई म्हटल्यावर चार-चार डाव 'घे ना' होते, मंग मले यावंसंच वाटत नाई. तेवढं बंद कर ना. मी येईन, जेवीन, साडेनऊले निघीन."

यात काय आहे पाहा. आधी, तुमच्यावर माझा आक्षेप नाही. मग, नेमकी कोणती गोष्ट टोचते. मग मागणी. आणि शेवटी, मी काय करणार. तो शेवट सगळ्यात महत्त्वाचा. "मी येणार नाही" ऐकलं की दोस्ताला तुटल्यासारखं वाटतं. "मी येईन आणि साडेनऊला निघीन" यात येणंही आहे आणि वेळही आहे. भरतीचं कारण त्यानं मुद्दाम घेतलं नाही. घेतलं असतं तर भरती झाल्यावर आग्रह पुन्हा सुरू.

समोरून बहुतेक येतं: "एवढं काय मनावर घेतं बे, मजाक करत होतो!" इथे वाद घालायचा नाही. "मालूम आहे. म्हणूनच तुले सांगून रायलो." बस. तो लगेच "हो" म्हणेल असं नाही. त्यानं ऐकलं, एवढं पुरतं.

आता शनिवार. चार गोष्टी आधीच ठरवून जायच्या.

गाडी स्वतःची. दुसऱ्याच्या मागे बसून गेलात तर साडेनऊची वेळ त्याच्या हातात गेली.

हातात पेला. रिकामा हात दिसला की भरावासा वाटतो. गेल्या-गेल्या स्वतःच कोल्ड्रिंक मागवा, आणि बाटली आपल्यासमोर उघडून घ्या.

पैशाचं आधी बोला, कारण पुष्कळ आग्रहाच्या मागे कॉन्ट्री असते. समजा जेवण 1000 रुपयांचं, दारू 900 ची आणि माणसं पाच. सगळं सारखं वाटलं तर प्रत्येकी 380. तुम्ही फक्त जेवणाचे 200 दिले तर बाकी चौघांना 425 पडतात, म्हणजे माणशी 45 जास्त. ही 45 रुपयांची कुरकुर "घे ना बे" होऊन बाहेर येते. म्हणून बसायच्या आधीच सांगा, "जेवणाचे माझे पाचवा हिस्सा, बाटलीचं तुमचं तुम्ही." बिल आल्यावर सांगितलं की भांडण.

आणि एकच वाक्य. पहिल्या शनिवारी तुमची परीक्षा होणारच. "एकानं काय होते?" "होत काई नाई. मले नाई पाहिजे." दुसऱ्यांदा विचारलं तरी हेच, त्याच आवाजात. दर वेळी नवं उत्तर दिलं की त्यांना वाटतं, अजून एखादं विचारलं तर हा हलेल. साडेनऊ वाजले की उठा. "दहा मिनिटं थांब" म्हणून थांबलात, तर पुढच्या शनिवारी साडेनऊचा अर्थ अकरा.

काम होतंय हे कसं ओळखायचं? आग्रह एका दिवसात बंद होत नाही, आधी कमी होतो. पाच वेळा विचारायचे ते दोनदा विचारतात. मग एखाद्या शनिवारी ज्याला टपरीवर सांगितलं होतं तोच म्हणतो, "जाऊ दे ना, तो नाई घेत." त्या दिवशी तुमचं अर्धं काम झालं. उलटही होऊ शकतं. तुम्हाला बोलावणंच कमी होईल. ते लागतं मनाला. तेव्हा शनिवार सोडून त्यांना दिवसा बोलवा, क्रिकेटला, चहाला. तिथे आले तर दोस्ती शाबूत आहे. तिथेही आले नाहीत, तर तुमच्यात बाटलीशिवाय काय होतं, ते कळलं.

दोन ठिकाणी मात्र ही पद्धत वापरू नका. कुणी तुमच्या पेल्यात न सांगता दारू मिसळली, किंवा जाऊ नये म्हणून किल्ली लपवली, तर तो आग्रह नाही. तिथे समजावत बसायचं नाही, निघायचं, आणि त्या माणसासोबत पुन्हा बसायचं नाही. दुसरं, प्यालेला दोस्त गाडी चालवतो म्हणाला तर गप्प राहू नका. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्यात पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण हे आकडे त्याला ऐकवू नका. "किल्ली दे, मी सोडून देतो" एवढंच म्हणा. न पिणारा दोस्त टेबलावर का असावा, हे त्या रात्री त्यालाही कळतं.

तुम्ही कुणाला असं सांगितलं असेल, तर समोरचा पहिल्यांदा काय बोलला ते व्हॉइस नोटनं पाठवा. पुढच्या भागात तिथूनच सुरू करू.